बावीस शब्दांचा ॲनिमेशनपट: आशाताईंसाठी हात धुण्याच्या संहितेचे एक प्रकरण

प्रसूती दवाखान्यात झालेली असेल तर बाळ घरी आल्यावर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन त्याची तपासणी करावी, असा घरगुती नवजात काळजीचा नेम आहे. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट त्यात वाढते. प्रत्येक भेटीत बाळाला हात लावण्याआधी ताईने स्वतःचे हात धुवावेत, हे प्रशिक्षणात शिकवले जाते, आणि ते शिकवण्यासाठी दीड मिनिटाच्या आत बसणारा ॲनिमेशनपट लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. तो जळगाव जिल्ह्याच्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आणि पुढे सातपुड्यातल्या पाड्यांवर दाखवायचा होता. म्हणजे एकाच बैठकीत अहिराणी बोलणारी ताई असणार, लेवा बोलीतली असणार आणि पावरी बोलणारीही असणार. कमी शब्दांची अट घालण्यामागचे खरे कारण हेच होते. साक्षरतेचा प्रश्न तितकासा नव्हता, कारण आशाताई वाचू शकतात, नोंदवह्या भरतात. पण ज्या घरात तो चित्रपट मोबाइलवर दाखवला जाईल त्या घरातली आजी वाचत नाही, आणि पुस्तकी मराठी सगळ्यांच्याच कानाला परकी वाटते.

माझा पहिला मसुदा 90 सेकंदांचा होता आणि त्यात निवेदनाचे 194 शब्द होते. सेकंदाला दोनाहून अधिक शब्द पडत होते, म्हणजे निवेदकाला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. पण शब्दांच्या संख्येपेक्षा मोठी चूक वेगळीच होती: चित्र तेच सांगत होते जे शब्द सांगत होते. निवेदक म्हणे, ‘साबण लावा’, आणि पडद्यावर साबण लागे. अशा संहितेतून शब्द वगळले की काहीच बिघडत नाही, आणि काहीच बिघडत नाही याचा अर्थ चित्रांना स्वतःचे असे काही सांगायचेच नसते. म्हणून मी मसुदा बाजूला ठेवला आणि एकही शब्द न वापरता संहिता लिहायला घेतली. चित्राने सांगून झाल्यावर जे उरेल तेवढेच शब्दांत घालायचे ठरवले.

पहिला प्रश्न जंतूंचा होता. हात धुण्याच्या बहुतेक चित्रफितींत हातावर एक भिंग येते आणि भिंगाखाली हिरवे, दात विचकणारे किडे वळवळतात. आम्ही त्याची कच्ची चित्रे एका बैठकीत दाखवली तेव्हा एका पाड्यावरची आजी शांतपणे म्हणाली, की एवढे किडे आमच्या हातावर नसतात, असते तर दिसले असते. तिचे बोलणे चित्राच्या दृष्टीने पूर्ण बरोबर होते. भिंगाचे वर्तुळ म्हणजे ‘हे लहान आहे, मोठे करून दाखवले आहे’ हा संकेत शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातून येतो. ज्याने तो शिकलेला नाही त्याला वर्तुळातला किडा आकाराने तेवढाच दिसतो आणि तो आपल्याकडे नाही, असा निष्कर्ष तो काढतो.

मग जंतूंऐवजी मळ दाखवावा, असे चित्रकाराने सुचवले: धुण्याआधी काळपट हात, धुतल्यावर उजळ हात. ही सूचना दोन कारणांनी सोडावी लागली. एक तर धुतल्याने हात गोरा होतो असे चित्रातून निघत होते, आणि ते चूकच नव्हे तर ओंगळही होते. दुसरे कारण खास या भागातले आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या हातांवर केळीचा चीक बसतो, तो वाळून काळा पडतो आणि कितीही साबण लावला तरी कित्येक दिवस जात नाही. असे हात स्वच्छ असूनही चित्राच्या नियमाप्रमाणे मळके ठरले असते. आणि ज्या हाताला डाग नाही तो आपोआप स्वच्छ ठरला असता. ‘मना हात साफच शेतस’ हे वाक्य आम्ही ज्या हातांबद्दल ऐकले ते दिसायला खरोखरच साफ होते, आणि आम्हाला नेमके त्याच हातांबद्दल बोलायचे होते.

मध्यंतरी हळदही येऊन गेली. तेलात कालवलेली हळद हाताला चोळायची, हात धुवायचे आणि पिवळे कुठे उरले ते पाहायचे, हा प्रयोग प्रत्यक्ष प्रशिक्षणात चांगला आहे, कारण अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला ती हटकून उरते. पण पडद्यावर ती उलटली. साबण अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या फेसात हळद लाल होते, ज्या गुणामुळे हळद आणि चुन्यापासून कुंकू होते तोच हा गुण. आणि लाल फेस बघणाऱ्याला रक्त वाटले. त्याहून मोठी अडचण अशी, की हळद आपण जखमेवर लावतो, नवरा-नवरीला लावतो, देवाला वाहतो. ती रोगाच्या जागी उभी करणे कोणालाच पटेना, आणि ते न पटण्यात काही चूक नव्हती.

उत्तर स्वयंपाकघरातच सापडले. भाकरी थापणाऱ्या बाईने पिठाच्या हातांनी दाराची कडी उघडली तर कडीवर पीठ लागते, तांब्या उचलला तर तांब्यावर लागते, रडणारे बाळ उचलले तर त्याच्या दुपट्यावर आणि गालावर पाच बोटे उमटतात. हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. पीठ वाईट नाही, ते कोणाचा अपमान करत नाही, सावळ्या हातावर ते स्पष्ट दिसते, आणि ज्याला हात लावला त्याला काहीतरी चिकटले एवढीच गोष्ट ते सांगते. आम्हाला सांगायचे तेवढेच होते. जंतू कसे दिसतात हे आशाताईला कळले नाही तरी तिचे काम अडत नाही. ते कुठून कुठे जातात हे कळले नाही तर अडते.

यावर पहिली कच्ची फीत तयार झाली तेव्हा पिठाच्या हातांची बाई खुद्द आशाताईच होती: ती घरून स्वयंपाक अर्धा टाकून येते आणि तशीच बाळाला हात लावते. बैठकीत फीत संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक ताई म्हणाल्या, ‘‘भाऊ, आम्ही अशा हातांनी बाळाला धरतो का? ही फीत आम्ही त्याच घरात जाऊन दाखवायची, आणि त्या सासूबाईंनी आमच्याकडे बघायचे?’’ त्यांचा राग रास्त होता. ज्या व्यक्तीच्या हातात फीत देऊन तिला गावात पाठवायचे तिलाच चुकताना दाखवले, तर ती फीत तिच्या मोबाइलच्या बाहेर पडत नाही. पिठाचे हात मग बाळाच्या आत्याला दिले, आणि ताई ती कडी नंतर उघडते असे केले.

त्या बदलातून संहितेतला सगळ्यात उपयोगी प्रसंग मिळाला. ताई अंगणातून येते, कडी उघडते आणि स्वतःच्या तळव्याकडे बघते. तिथे आत्याच्या हातचे पीठ लागलेले आहे. ती ते झटकते. तळवा स्वच्छ दिसतो. आणि मग त्याच तळव्यावर, पिठाच्याच आकाराचे पण फक्त कडा असलेले ठसे एकेक करून उमटतात; प्रत्येक ठशाबरोबर ती वस्तू क्षणभर दिसते: एसटीतला दांडा, गोठ्याचे फाटक, मोबाइल. पीठ लागताना जो ‘टप’ असा हलका आवाज येतो तोच इथेही येतो. दिसणाऱ्या पिठावरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जाणारी ही उडी चित्रपटातली सगळ्यात अवघड उडी आहे, आणि ती आवाजाशिवाय बघणाऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हती. आवाज बंद ठेवून दाखवले तेव्हा ताईच्या हाताला नक्षी काढली आहे, असे दोघींना वाटले होते. निवेदनातले पहिले शब्द इथेच आले: ‘‘पीठ दिसते. बाकीचे दिसत नाही.’’

धुण्याच्या तयारीत प्रशिक्षणाची सूचना घड्याळ आणि बांगड्या काढण्याची आहे. संहितेत मी तसेच लिहिले, आणि चित्रकाराने काचेच्या हिरव्या बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवलेल्या काढल्या. ते चित्र पाहताच बायकांनी तोंडे फिरवली. सवाष्णीने हातातल्या बांगड्या उतरवून ठेवणे याचा आपल्याकडे एकच अर्थ लागतो, आणि तो अर्थ बाळंतिणीच्या घरात तर अजिबात नको असतो. कितीतरी ताई प्रत्यक्षात काय करतात, हे आधी विचारले असते तर हा प्रसंग टळला असता: त्या बांगड्या कोपराकडे सरकवतात. आम्ही घड्याळ काढलेले ठेवले, बांगड्या वर सरकवल्या आणि मनगट धुताना बांगड्यांखालची जागा चोळलेली मुद्दाम दाखवली. हे मूळ सूचनेपेक्षा थोडे उणे आहे, याची जाणीव आम्हाला होती. पण मूळ सूचना पडद्यावर पाळली असती तर पुढचे काहीच कोणी बघितले नसते.

यानंतर पाणी. उपलब्ध नमुन्यांत हात धुणे नळाखाली होते, आणि चोळण्याच्या पूर्ण वेळात मागे नळ वाहत असतो. या गावांत पाणी ड्रममध्ये किंवा माठात असते आणि ते तांब्याने घ्यावे लागते. चित्रकाराने नळाच्या जागी तांब्या काढला, पण धार तशीच चालू ठेवली, म्हणजे अर्धा मिनिट कोणीतरी तांब्या ओततच आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे चित्र म्हणजे उधळपट्टी वाटते, आणि धारेखाली चोळल्यास साबण काम करण्याआधीच वाहून जातो, ही अडचण वेगळीच. साबण तेलकट थर सोडवतो, चोळल्याने तो थर सुटा होतो आणि शेवटचे पाणी त्याला घेऊन जाते. या तीन कामांपैकी फक्त पहिल्या ओलाव्याला आणि शेवटच्या धुण्याला पाणी लागते. म्हणून सासूबाई थोडे पाणी घालतात आणि तांब्या जमिनीवर ठेवतात. हात चोळले जात असताना तो तांब्या चौकटीच्या कोपऱ्यात तसाच ठेवलेला दिसत राहतो. संहितेत मी त्यासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, कारण न लिहिलेली गोष्ट चित्रकार रिकामी जागा समजून काढून टाकतो. पाणी दुसऱ्या व्यक्तीने ओतण्याला आणखी एक कारण आहे: ताईने मळक्या हाताने तांब्या धरला आणि धुतल्यावर पुन्हा तोच तांब्या धरला, तर धुण्याचा उपयोग तिथेच संपतो. घरात ओतायला कोणी नसेल तेव्हा काय करावे, याचे उत्तर या चित्रपटात नाही. दोरीने आणि पायाने वाकवायच्या कॅनचे उत्तर आहे, पण तो कॅन कसा बांधायचा हे सांगायला वेगळा चित्रपट लागेल, आणि इथे तो घुसडला असता तर दोन्ही बुडाले असते.

चोळण्याच्या वेळेवरून निर्मात्याशी माझा बराच वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण क्रिया 40 ते 60 सेकंदांची आहे. पहिल्या कच्च्या फितीत चोळण्याचा भाग सात सेकंदांचा होता, प्रत्येक पायरीला एक सेकंद, कारण चित्रपटात वेळ आवळायची आपल्याला सवय असते. ती फीत पाहून ज्यांनी हात धुऊन दाखवले त्यांनी सात-आठ सेकंदांतच धुतले. त्यांनी फितीची अगदी बरोबर नक्कल केली होती. ‘निदान इतका वेळ चोळा’ असे निवेदनात सांगून हे सुटत नाही, कारण चोळताना हाताला घड्याळ नसते. म्हणून पडद्यावर चोळायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ प्रत्यक्षात लागावा, असे ठरवले. सात पायऱ्या, प्रत्येकीला चार ठोके, सेकंदाला एक ठोका, असे 28 सेकंद झाले. ठोका डफाचा आहे, आणि तो लक्षात राहतो.

निर्मात्याला 28 सेकंदांचा खर्च परवडणार नव्हता. सेकंदाला 24 चौकटी आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी धरायचे, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे. 28 सेकंदांची 336 चित्रे झाली. पण चोळणे ही परत परत तीच होणारी हालचाल आहे. एका ठोक्याची 12 चित्रे नीट काढली, शेवटचे चित्र पहिल्याला जुळेल असे केले, की तीच चार वेळा फिरवता येतात. सात पायऱ्यांना मिळून 84 चित्रे पुरतात. सात सेकंदांच्या आवळलेल्या मसुद्यालाही 84 चित्रेच लागत होती, म्हणजे चौपट वेळ मिळूनही चित्र एकही वाढले नाही. हा हिशेब संहितेच्या समासात लिहून दिला तेव्हा वाद मिटला. ॲनिमेशनची संहिता लिहिणाऱ्याने कोणती हालचाल फेऱ्याने चालेल आणि कोणती दर चौकटीला नव्याने काढावी लागेल, हे लिहितानाच पाहिले पाहिजे, असे माझे यावरून मत झाले.

हात कोणत्या बाजूने दाखवायचे यानेही अर्थ बदलला. समोरून पाहिले तर तळव्यावर तळवा हा नमस्कार दिसत होता, आणि मूठ वळवणे म्हणजे थंडीत हात चोळणे. ताईच्या खांद्यावरून, म्हणजे तिला स्वतःला जसे दिसतात तसे हात दाखवल्यावर गोंधळ संपला, कारण मग बघणाऱ्याचे हात आणि पडद्यावरचे हात एकाच दिशेने असतात. फक्त हातांचेच चित्र आले की ते कोणाचे, हा प्रश्न पडतो; त्यावर वर सरकवलेल्या हिरव्या बांगड्यांचा उपयोग झाला. मागची भिंत आधी फिक्या रंगाची होती, आणि दुपारच्या उन्हात मोबाइलवर पीठ दिसतच नव्हते. ती सारवलेल्या भिंतीसारखी गडद केली.

पायऱ्यांच्या नावांसाठी ‘सुमन-के’ हे हिंदीतले सूत्र हाताशी होते: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठीत सरळ, उलटा, मूठ, अंगठा, नख इथपर्यंत ते जमते आणि मनगटाशी येऊन मोडते. पावरीत तर सुरुवातीपासूनच जुळत नाही. सूत्र सोडून दिले आणि प्रत्येक चार ठोक्यांच्या आधी एकच शब्द ठेवला: तळवा, पाठ, बेचक्या, मुठी, अंगठे, नखे, मनगट. शेवटच्या फेऱ्यात हात मनगटावरून कोपरापर्यंत जातो, ते चित्रच सांगते.

धुतल्यानंतरचा भाग छोटा आहे, पण खरी चूक तिथे होते. प्रशिक्षणाप्रमाणे बोटे वर, कोपर खाली ठेवून हात हवेवर वाळू द्यायचे असतात. नुसते हात वर केलेले चित्र पाहून ‘पोलीस आले का’ असा विनोद झाला. म्हणून कोपरावरून पाण्याचा एकेक थेंब पडताना दाखवला, आत्या पुढे होऊन स्वतःचा पदर देते आणि ताई मान हलवते. तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजतो. ताई पिशवीकडे बघते, हात उचलते आणि थांबते. फोन वाजून बंद होतो. या ठिकाणी बैठकीत दर वेळी हसू आले, आणि ते ओळखीचे हसू होते. निवेदन: ‘‘पुसू नका. वाळू द्या.’’

आता चित्रपट 81 सेकंदांचा आहे आणि निवेदनाचे शब्द 22. वर आलेल्या सोळा शब्दांखेरीज तयारीच्या वेळचे ‘‘घड्याळ काढा. बांगड्या वर.’’ हे चार आणि शेवटचे ‘‘आता बाळ.’’ हे दोन. पडद्यावर कोणीच ओठ हलवत नाही, त्यामुळे अहिराणी आणि पावरी आवाज एका दुपारीत ध्वनिमुद्रित झाले आणि चित्राला हात लावावा लागला नाही. सेकंदाला दहा लाख बिट या दराने फाइल 10 एमबीच्या आसपास बसते, म्हणजे व्हॉट्सॲपवरून पाठवायला अडचण नाही.

चाचणी घेताना ‘समजले का’ असे आम्ही कधीच विचारले नाही, कारण घरी आलेल्या माणसाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. आधी आवाज बंद ठेवून फीत दाखवायची, ‘काय काय झाले ते सांगा’ म्हणायचे आणि मध्ये बोलायचे नाही. मग आवाजासह दाखवायची. आणि शेवटी तांब्या आणि साबण पुढे ठेवून धुऊन दाखवायला सांगायचे. सांगताना एक आणि करताना दुसरे झाले तर करणे खरे धरायचे. अंगठा तिसऱ्या चाचणीपर्यंत सुटत राहिला, कारण चित्रात अंगठा मुठीत फिरत होता आणि तो बोटांआड झाकला जात होता. कोन थोडा तिरपा केल्यावर तो दिसू लागला आणि हातांवरही आला.

अगदी शेवटची चूक मात्र आम्हा कोणालाच दिसली नव्हती. रंग भरून झाले होते, आवाज बसला होता. साक्री तालुक्यातल्या एका ताईने फीत दोनदा पाहिली आणि विचारले, ‘‘हात अंगणात धुतले, मग ताई आत कशी गेली?’’ आम्ही पुन्हा पाहिले. धुतलेले हात वर धरून ताई दाराशी येते, आणि तीच पीठ लागलेली कडी पुन्हा उघडते. दोन सेकंदांची 24 चित्रे नव्याने काढावी लागली. आता सासूबाई दार आधीच ढकलून ठेवतात आणि ताई खांद्याने आत शिरते. मागे आत्या स्वतःच्या हातांकडे बघत तांब्याकडे वळलेली दिसते.